चार मिनिटांचं भाषण: निळा आणि पिवळा मिळून रंगात हिरवा होतो, मग प्रकाशात का नाही?

अश्विनी_सिन्नर

लेक सातवीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिला चार मिनिटं बोलायचंय आणि टेबलावर काहीतरी करूनही दाखवायचंय. विषय तिचा तिनेच निवडला. चित्रकलेच्या तासाला मूळ रंग लाल, पिवळा, निळा असे शिकवले. विज्ञानाच्या तासाला प्रकाशाचे मूळ रंग लाल, हिरवा, निळा असे सांगितले. तिचा प्रश्न एवढाच की पिवळा गेला कुठे आणि हिरवा आला कुठून?

रविवारी घरी दोन प्रयोग केले, दोन्ही फसले असं तिचं म्हणणं. पहिला: तीन टॉर्चना लाल, हिरवा, निळा जिलेटिन कागद लावून भिंतीवर प्रकाश टाकला. लाल आणि हिरवा मिळून पिवळा यायला हवा होता, आला मळकट नारिंगी. तिन्ही एकत्र आणले तर पांढऱ्याऐवजी नारिंगीकडे झुकलेला डाग. दुसरा: पुठ्ठ्याची तबकडी अर्धी पिवळी, अर्धी निळी रंगवून छोट्या मोटरवर फिरवली. तिला वाटलं होतं हिरवी दिसेल. दिसली गुलाबीसर राखाडी! आणि त्याच दोन बाटल्यांतले पोस्टर कलर वाटीत कालवले तर सरळ हिरवा.

तिने भाषणात लिहिलंय की "रंग मिसळले की गडद होतात आणि प्रकाश मिसळला की उजळ होतो, म्हणून मूळ रंग वेगळे." मला हे कारण वाटत नाही, जे दिसतं त्याचंच वर्णन वाटतं. पण खरं कारण मलाही नीट सांगता येत नाहीये. दहा दिवस आहेत.

हर्षद७

सोपं आहे की. पोस्टर कलर ही रसायनं आहेत, मिसळली की त्यांच्यात काहीतरी क्रिया होऊन नवा रंग तयार होतो. प्रकाशात रसायन नसतं. एक रसायनशास्त्र, दुसरं भौतिकशास्त्र, म्हणून नियम वेगळे. चार मिनिटांसाठी एवढं पुरे.

कुंचला

मी अठ्ठावीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. लाल, पिवळा, निळा हेच मूळ रंग, कारण हे तीन कशातूनही बनवता येत नाहीत आणि यांच्यापासून बाकी सगळे बनतात. मुलीला त्यात गोंधळवू नका. प्रकाशाचं गणित वेगळं असेल, पण कागदावर हेच खरं.

भिंगवाले

अश्विनीताई, तुमचा दुसरा प्रयोग फसलेला नाही. तो इतका चांगला जमलाय की भाषण त्याच्यावरच उभं करावं. 1849 मध्ये एडिंबरामध्ये जेम्स फोर्ब्स नावाच्या प्राध्यापकांनी अशीच पिवळी-निळी तबकडी फिरवली होती. त्यांनाही हिरवा मिळाला नाही, गुलाबीसर छटा मिळाली. त्यांच्या हाताखाली तेव्हा मॅक्सवेल शिकत होते, आणि पुढे 1855 मध्ये मॅक्सवेलनी अशा तबकड्यांवरच रंग मोजायची पद्धत बसवली. म्हणजे तुमच्या लेकीला जे दिसलं ते अगदी खरं आहे.

आता हर्षद यांच्या मुद्द्याबद्दल. रसायनाचा संबंध आहे, पण तो एकेक रंग कुठला प्रकाश शोषतो एवढ्यापुरता. दोन रंग मिसळल्यावर सहसा त्यांच्यात कसलीच क्रिया होत नाही, कण नुसते शेजारी शेजारी बसतात. हे घरी तपासता येतं. दोन काचेचे पेले घ्या. एकात पाणी आणि प्रिंटरच्या पिवळ्या रिफिल शाईचे चार-पाच थेंब, दुसऱ्यात सायन शाईचे. पेले एकामागे एक ठेवून मागे मोबाइलचा पांढरा स्क्रीन धरा. शाया एकमेकींना शिवलेल्याही नाहीत, तरी आरपार हिरवा दिसेल. म्हणजे हिरवा बनवायला रसायन मिसळावं लागतच नाही.

आणि तबकडीवर उलट झालं. तेच रंग, त्याच बाटल्या, तरी हिरवा आला नाही. तेव्हा फरक रंग आणि प्रकाश असा नाहीच मुळी. फरक आहे प्रकाशाच्या वाटेचा.

अश्विनी_सिन्नर

वाटेचा म्हणजे? हे जरा सावकाश सांगा, मी संध्याकाळी तिला बसवून वाचून दाखवणार आहे.

भिंगवाले

पांढऱ्या प्रकाशाचे आपण सोयीसाठी तीन वाटे करू: लाल, हिरवा, निळा. (तीनच का, ते पुढे सांगतो.) पिवळा रंग निळा वाटा गिळतो, लाल आणि हिरवा परत पाठवतो. निळा पोस्टर कलर लाल वाटा गिळतो, निळा परत पाठवतो आणि बरोबर थोडा हिरवाही.

वाटीत कालवल्यावर प्रकाशाचा प्रत्येक किरण दोन्ही रंगांच्या कणांमधून फिरून बाहेर येतो. पिवळ्याने निळा खाल्ला, निळ्याने लाल खाल्ला. दोघांनीही ज्याला हात लावला नाही असा एकच वाटा उरला, हिरवा. तो नवा बनलेला नाही, उरलेला आहे.

तबकडीवर एक किरण फक्त पिवळ्यावर पडतो, दुसरा फक्त निळ्यावर. कुठल्याही किरणाला दोन्ही चाळण्या लागत नाहीत. पिवळ्याकडून लाल आणि हिरवा येतो, निळ्याकडून निळा येतो, आणि तबकडी भरभर फिरत असल्याने डोळ्यात त्यांची बेरीज होते. लाल, हिरवा, निळा तिन्ही आले, म्हणजे पांढऱ्याच्या जवळपास. पण अर्धा वेळ एक आणि अर्धा वेळ दुसरा, त्यामुळे तो उजळ न वाटता राखाडी वाटतो.

हा घोळ जुना आहे. पिवळा आणि निळा प्रकाश मिळूनही हिरवाच होणार असं चांगले चांगले लोक धरून चालले होते. वाटीतलं मिश्रण आणि प्रकाशाचं मिश्रण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे हेल्महोल्ट्झ यांनी 1852 मध्ये नीट मांडलं.

गौरी_पेठ

माझाही असाच त्रास चालू आहे. दुकानात शेड कार्डवर जो क्रीम रंग पाहिला तो हॉलच्या भिंतीवर रात्री पिवळट दिसतो आणि दिवसा बरा दिसतो. रंगवाल्याने मिसळताना चूक केली असेल का? दोन हात मारून झालेत.

भिंगवाले

गौरीताई, धागा भिंतीच्या रंगाचा नाही, पण उत्तर इथलंच आहे. भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशातूनच परत पाठवते. रात्रीचा बल्ब वॉर्म असेल तर त्यात निळा वाटा कमी असतो, मग भिंत परत पाठवणार कुठून? तिसरा हात मारायच्या आधी एक डेलाइट बल्ब लावून बघा.

कुंचला

भिंगवाले, पेल्यांचा प्रयोग पटला. पण मूळ प्रश्न राहिलाच. लाल हा मूळ रंग नाही असं तुमचं म्हणणं आहे का? मी आयुष्यभर चूक शिकवलं का?

छपाईवाला

सर, मी आमच्या ऑफसेट प्रेसमध्ये रोज लाल बनवतो. आमच्याकडे लाल शाईचा डबाच नाही. मॅजेंटा, म्हणजे आपल्या बायकांच्या साड्यांतला राणी कलर, आणि त्यावर पिवळा. दोन्ही भरून छापले की टिळ्यासारखा लाल निघतो. निळाही तसाच, सायनवर मॅजेंटा. पण लाल शाई वापरून कोणी मला राणी कलर काढून दाखवा, नाही निघत. पांढरा टाकला तर फिकट गुलाबी होतो, तो चटका येत नाही.

भिंगवाले

हेच. राणी रंग फक्त हिरवा वाटा गिळतो. पिवळा फक्त निळा गिळतो. दोन्ही एकावर एक आले की लाल उरतो. लाल रंग मात्र एकट्यानेच हिरवा आणि निळा असे दोन वाटे गिळून बसलेला असतो. कुंचला सर, म्हणूनच लाल आणि निळा मिसळून पोरांचा जांभळा चिखलासारखा होतो. लालने निळा खाल्ला, निळ्याने लाल खाल्ला, हिरवा दोघांपैकी कोणाकडे फारसा नव्हताच. उरतं जवळजवळ काहीच नाही.

तुम्ही चूक शिकवलं असं मी म्हणणार नाही. लाल, पिवळा, निळा या तिघांवर चित्रकारांनी शतकानुशतकं काम केलंय आणि पुष्कळ रंग त्यातून निघतात. फक्त जास्तीत जास्त रंग काढायचे असतील तर एकेकच वाटा गिळणारे तीन रंग लागतात: सायन, राणी, पिवळा.

कुंचला

जांभळ्याच्या चिखलाचं अगदी खरं. मी मुलांना तेव्हा क्रिमसन लेक घ्या, स्कार्लेट नको, असं सांगायचो. का ते मला माहीत नव्हतं, हाताला माहीत होतं. क्रिमसन राणीकडे झुकतो म्हणून चालत असणार. हिरव्याचंही तसंच आहे. अल्ट्रामरीन ब्लू पिवळ्यात घातला की शेवाळी हिरवा होतो, प्रशियन ब्लू घातला की लख्ख पोपटी. ताई, तुमच्या लेकीला प्रशियन ब्लू आणि लेमन यलो घ्यायला सांगा.

तरी शाळेत पहिलीच्या मुलाला सायन, मॅजेंटा शिकवावं असं मला अजून वाटत नाही. रंगपेटीत ते रंग असतात कुठे?

सोल्डर_आणि_चहा

टॉर्चच्या प्रयोगाबद्दल. दोष तुमच्या जिलेटिन कागदात आहे. खात्री करायची तर लाल आणि हिरवा कागद एकावर एक ठेवून दिव्याकडे बघा. कागद चांगले असतील तर अंधार दिसायला हवा. गडद लाल उजेड दिसला तर हिरव्या कागदातून लाल गळतोय, आणि म्हणूनच तुमचा पिवळा नारिंगी झाला. निळा कागद तर प्रकाश फारच अडवतो, त्यामुळे तो वाटा कमी पडला आणि पांढरा नारिंगीकडे गेला.

कागद सोडा, एलईडी घ्या. 5 मिमीचे पारदर्शक डोक्याचे लाल, हिरवा, निळा. जुना 5 व्होल्टचा मोबाइल चार्जर. लाल एलईडी साधारण 2 व्होल्ट घेतो, हिरवा-निळा साधारण 3, म्हणून लालला 220 ओहमचा रेझिस्टर आणि बाकी दोघांना 150. रेझिस्टर न लावता थेट जोडू नका, एलईडी लगेच जातील. हिरवा बहुधा फार जोरात येईल, मग त्याचा रेझिस्टर वाढवत 330, 470 करा. कागद पांढरा दिसेपर्यंत हेच करत राहायचं. वेळ लागला तर लागू दे.

भिंगवाले

तिन्ही एलईडी एकमेकांपासून 12 सेंटिमीटरवर एका रेषेत ठेवा, समोर 1 मीटरवर पांढरा कार्डबोर्ड, खोलीत अंधार. आता कार्डापासून 15 सेंटिमीटर अलीकडे पेन्सिल उभी धरा. कार्डावर दोन-दोन सेंटिमीटर अंतराने तीन सावल्या पडतील, आणि एकही काळी नसेल. रंग कोणते ते मी सांगत नाही. लेकीला आधी ओळखायला सांगा, मग लावा.

अश्विनी_सिन्नर

तीन दिवस सोल्डरिंगमध्ये गेले. हिरव्याला शेवटी 470 लागला. आणि सावल्या बघून मी दिवा लावायचंच विसरले. सायन, राणी, पिवळा! छपाईवाल्यांच्या शायांचे तीन रंग, आणि आम्ही तर फक्त लाल, हिरवा, निळा लावलेला.

लेकीने पेन्सिल कार्डाजवळ नेली तशा सावल्या एकमेकींवर सरकल्या. सायन आणि पिवळी जिथे एकावर एक आल्या तिथे हिरवी पट्टी. पार चिकटवल्यावर मधे काळी. मग ती स्वतःच म्हणाली, "लाल दिव्याची सावली म्हणजे जिथे लाल पोचत नाही. मग तिथे हिरवा आणि निळा उरतो, तोच सायन. आणि सायन रंगसुद्धा लालच खातो. म्हणजे रंग हा सावलीसारखाच आहे." मी काही सांगितलं नव्हतं.

भिंगवाले

तिला माझा नमस्कार सांगा. भाषणाचा कणा तोच ठेवा.

हर्षद७

पेल्यांचा प्रयोग करून पाहिला. शाई न मिसळता हिरवा दिसला. माझं रसायनाचं म्हणणं मागे घेतो. पण तीनच वाटे का हे राहिलं. इंद्रधनुष्यात तर ता ना पि हि नि पा जा, सात.

भिंगवाले

इंद्रधनुष्यात सात कप्पे नाहीत, एकसलग पट्टा आहे. तीन हा आकडा प्रकाशाचा नाही, आपल्या डोळ्याचा आहे. रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, म्हणून तीन दिव्यांत काम भागतं. मिठाची चिमूट गॅसच्या ज्योतीत टाकली की जो पिवळा दिसतो तो 589 नॅनोमीटरच्या आसपासचा शुद्ध पिवळा. मोबाइलच्या स्क्रीनवरच्या पिवळ्यात तो जवळजवळ नसतोच, तिथे लाल आणि हिरवा असतो. डोळ्याला दोन्ही पिवळे. जुनी सीडी तिरकी धरून स्क्रीनच्या पिवळ्या चौकोनाचं प्रतिबिंब पाहा, लाल आणि हिरवा पट्टा सुटे होतात. कुत्र्याच्या डोळ्यात अशा पेशी दोनच प्रकारच्या असतात, त्याच्यासाठी प्रदर्शन भरवलं तर दोन दिवे पुरतील.

छपाईवाला

एक शंका माझी. छापलेलं चित्र लूपखाली बघितलं तर ठिपके काही शेजारी शेजारी असतात, काही एकावर एक. सायनचे 15 अंशांत, मॅजेंटाचे 75, काळ्याचे 45, मुद्दाम वेगवेगळ्या कोनांत लावतो, नाहीतर जाळीची नक्षी उमटते. मग हे वाटीसारखं झालं की तबकडीसारखं?

भिंगवाले

दोन्ही. जिथे ठिपके एकावर एक आले तिथे वाटी. आणि ते सगळे बारीक तुकडे लांबून डोळ्यात मिसळतात, ती तबकडी. म्हणूनच छापील रंगाचा अंदाज गणिताने बांधणं अवघड जातं. शाई कागदात थोडी पसरते, प्रकाश कागदाच्या आतून बाजूच्या ठिपक्याखाली सरकतो. ते मी इथे सोडवू शकणार नाही.

अश्विनी_सिन्नर

हे तिचं भाषण, तिच्याच शब्दांत. काल घड्याळ लावून म्हटलं, प्रयोगांसकट पावणेचार मिनिटं.

"नमस्कार. माझ्याकडे पिवळ्या आणि निळ्या रंगाच्या दोन बाटल्या आहेत. मी ते या वाटीत मिसळते. हिरवा झाला. आता हेच दोन रंग मी या तबकडीवर लावलेत, अर्धी पिवळी, अर्धी निळी. मोटर चालू करते. हिरवा दिसला का? नाही, राखाडी दिसला. रंग तेच आहेत, मग बदललं काय?

पिवळा रंग प्रकाशातला निळा भाग खातो. निळा रंग लाल भाग खातो. वाटीत प्रकाशाला दोघांमधून जावं लागतं, म्हणून दोघांनी न खाल्लेला हिरवा तेवढा उरतो. तबकडीवर प्रकाश एका वेळी एकाच रंगावर पडतो आणि माझ्या डोळ्यात येऊन मिसळतो. वाटीत वजाबाकी होते, डोळ्यात बेरीज होते.

आता दिवे बघा. लाल, हिरवा, निळा मिळून कार्ड पांढरं झालं. मी मध्ये पेन्सिल धरते. ही सावली सायन आहे, कारण इथे लाल पोचत नाही. ही राणी रंगाची, कारण इथे हिरवा पोचत नाही. ही पिवळी, कारण इथे निळा पोचत नाही. प्रिंटरमध्ये याच तीन रंगांच्या शाया असतात. सायन शाई लाल खाते, राणी हिरवा खाते, पिवळी निळा खाते. दिव्याचे मूळ रंग म्हणजे आपण काय घालतो, आणि शाईचे मूळ रंग म्हणजे त्यातलं एकेक काय काढतो.

मग चित्रकलेत लाल, पिवळा, निळा का? कारण रंगपेटीतला लाल राणीच्या जवळचा आहे आणि निळा सायनच्या जवळचा आहे. त्यांनी पुष्कळ रंग होतात, पण छान जांभळा करायला मला त्रास होतो. तुम्ही करून बघा, वाटी इथेच ठेवली आहे."

कुंचला

जांभळ्याचं वाक्य ठेवल्याबद्दल आभार. "जवळचा आहे" हे मला मान्य आहे. एक सुचवतो, वाटीतला ब्रश प्रत्येक वेळी धुवायला पाण्याचे दोन मग ठेवा. एकाच पाण्यात बुडवला तर तिसऱ्या मुलापासून सगळं मातकट होईल.

सोल्डर_आणि_चहा

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये अंधार नसतो. खोका घ्या, आतून काळा रंगवा, समोर खिडकी कापा आणि कार्ड आत बसवा. 1 मीटरचा खोका नसेल तर सगळीच अंतरं निम्मी करा, म्हणजे एलईडी 6 सेंटिमीटरवर आणि पेन्सिल साडेसात. सावल्या एक सेंटिमीटरच्या अंतराने पडतील, पेन्सिल बारीक घ्या.

अश्विनी_सिन्नर

खोका मिळाला, फ्रिजचा. आज भावाने परीक्षक होऊन तिला विचारलं, "तीन दिव्यांतून चॉकलेटी कसा काढशील?" ती अडली. दिवे मंद करून पाहिले, नारिंगीच दिसतो, चॉकलेटी काही होत नाही.

भिंगवाले

नारिंगी मंद करून त्याच्याभोवती पांढरा उजळ ठेवून बघा. माझ्या समजुतीप्रमाणे चॉकलेटी म्हणजे शेजारच्यापेक्षा अंधारा नारिंगी, एकटा असला की तो दिसतच नाही. पण सातवीच्या मुलीने हे चार मिनिटांत सांगावं की नाही, ते तुम्ही दोघी ठरवा.

कुंचला

आम्ही तर बर्न्ट सिएना वापरायचो. उद्या पांढऱ्या चौकटीचा प्रयोग केलात की काय दिसलं ते नक्की लिहा, मीही इकडे टॉर्च घेऊन बसतो.